ओढ्यातून किती वीज निघेल? हेड आणि प्रवाह मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावासाठी छोटं जलविद्युत केंद्र उभारायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "आमच्या ओढ्यातून किती किलोवॅट मिळतील?" त्याचं उत्तर देण्याआधी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: पाणी किती उंचीवरून खाली येतं आणि दर सेकंदाला किती येतं. पुढच्या बहुतेक उत्तरांत एकच ओढा उदाहरणाला घेतला आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

सूत्र काय आहे? ते कागदावर एका ओळीत मावतं का?

मावतं.

```
P = 9.81 × Q × H × η
```

P म्हणजे शक्ती, किलोवॅटमध्ये. Q म्हणजे प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद. H म्हणजे हेड, पाणी जितक्या उंचीवरून खाली येतं ती उंची, मीटरमध्ये. आणि η म्हणजे कार्यक्षमता, म्हणजे पाण्यातली जितकी ताकद शेवटी तारेतून घरापर्यंत पोचते तो हिस्सा. ९.८१ हा गुरुत्वाकर्षणाचा आकडा. हजार लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर खाली आलं तर त्यात ९.८१ किलोवॅट असतात, एवढंच हे सूत्र सांगतं.

पहिल्या भेटीत, ओढ्याकाठी उभं राहून, आम्ही याहून सोपा हिशोब करतो: लिटर प्रति सेकंद गुणिले मीटर गुणिले ५ म्हणजे वॅट. यात एकूण कार्यक्षमता साधारण निम्मी धरलेली आहे. ४५ लिटर आणि ४२ मीटर असतील तर ९,४५० वॅट, म्हणजे साडेनऊ किलोवॅटच्या आसपास. हा आकडा पुढे जायचं की नाही हे ठरवण्यापुरता. यावरून टर्बाइनची ऑर्डर देऊ नये.

हेड म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? धबधब्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त निराशा इथूनच सुरू होते. लोक ओढ्याचा वरचा टप्पा ते खालचं पात्र अशी पूर्ण उंची मोजतात आणि तिलाच हेड म्हणतात. टर्बाइनच्या कामी येते ती फक्त पेनस्टॉकमधली, म्हणजे टर्बाइनला पाणी आणणाऱ्या पाइपातली उंची: वरच्या टाकीतल्या (तिला फोरबे म्हणतात) पाण्याच्या पातळीपासून खाली टर्बाइनच्या नोझलपर्यंत.

आपल्या उदाहरणातला ओढा बघा. बंधाऱ्याच्या जागेपासून खालच्या पात्रापर्यंत मोजलं तर ५१ मीटर भरतात. पण बंधाऱ्यापासून फोरबेपर्यंत पाणी डोंगराच्या कडेने पाटातून आणायचं आहे. पाटाला उतार द्यावा लागतो, मध्ये गाळ बसायला टाकी लागते, आणि त्यात ३ मीटर जातात. खाली पॉवरहाऊस पात्रात बांधून चालत नाही, पुराच्या पाण्याच्या वर हवं. गावातल्या म्हाताऱ्यांनी पुराची खूण दाखवली ती पात्रापासून पाच मीटरवर होती. त्यावर एक मीटर मोकळा ठेवला की आणखी ६ मीटर गेले. उरले ४२. हे झालं ढोबळ हेड, म्हणजे ग्रॉस हेड. यातून पाइपातलं घर्षण वजा केल्यावर निव्वळ हेड मिळतं, त्याकडे पुढे येऊ.

पाण्यात बुडालेलं चाक आणि त्याखाली पाणी बाहेर नेणारी ड्राफ्ट ट्यूब असलेल्या टर्बाइनमध्ये खालची मोजणी टर्बाइनबाहेरच्या पाण्याच्या पातळीपर्यंत करतात, कारण तिथे चाकाखालचं पाणीही ओढ लावून काम करतं. पेल्टन किंवा टर्गो, म्हणजे चाकावर पाण्याची धार मारणाऱ्या टर्बाइनमध्ये नोझलच्या खालची उंची वाया जाते. क्रॉसफ्लोमध्ये ड्राफ्ट ट्यूब असेल तर थोडी परत मिळते, पण अंदाज करताना ती धरू नका.

मोबाइलमधल्या उंचीवर भागणार नाही का?

४०० मीटरच्या उतारावर कदाचित चालून जाईल. ४२ मीटरवर नाही. उपग्रहावरून मिळणारी उंची झाडीत आणि दरीत सहज दहा-पंधरा मीटर इकडे-तिकडे जाते. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो बराच बरा. पण साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो, आणि हवा बदलताना तेवढा फरक तासा-दोन तासांत एकाच जागी बसल्या-बसल्याही होतो. तुम्ही वर चढेपर्यंत ढग आले तर ओढा बसल्या जागी आठ मीटर उंच किंवा ठेंगणा होतो.

मग गावातल्या गावात, कमी खर्चात हेड कसं मोजायचं?

गवंडी वापरतात तो लेव्हल पाइप. दहा-बारा मीटर लांब, बोटाएवढी जाड, पारदर्शक नळी, दोन सरळ काठ्या, दोन टेप आणि दोन माणसं. एक माणूस वरच्या खुंटीवर उभा राहतो, दुसरा नळीचं दुसरं टोक घेऊन उतारावर खाली जातो. दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीवर येतं. खालच्या माणसाकडे पाणी जमिनीपासून जितकं वर, त्यातून वरच्या माणसाकडचं वजा केलं की त्या टप्प्याची उंची मिळते. मग खालचा माणूस जागेवर थांबतो आणि वरचा त्याला ओलांडून आणखी खाली जातो. एका टप्प्यात दीड मीटरपर्यंत उंची मिळते, म्हणजे ४२ मीटरला अठ्ठावीस-तीस टप्पे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्रत्येक आकडा तिथल्या तिथे वहीत लिहा. डोक्यात बेरीज करत गेलेला माणूस मध्येच एक टप्पा विसरतो.

या पद्धतीत चूक एकाच गोष्टीने होते: नळीतला बुडबुडा. ओढ्याचं थंड पाणी भरून नळी उन्हात टाकली की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि नळीच्या आतून बारीक मण्यांसारखी चिकटते. मग मणी एकत्र येऊन एक मोठा बुडबुडा होतो आणि दोन टोकांच्या पातळ्या जुळत नाहीत. आमच्याकडे एकदा खाली उतरताना ४२.१ आले आणि परत वर जाताना ३९.४. तासभर एकमेकांच्या वाचनाला दोष दिला, नंतर नळी उन्हाकडे धरली तर मधोमध चांगला वीतभर हवेचा तुकडा. तेव्हापासून नियम केला: दर पाच-सहा टप्प्यांनी दोन्ही टोकं एकमेकांना लावून धरायची. पाणी एका रेषेत दिसलं तरच पुढे. आणि मोजणी दोनदा, एकदा उतरताना, एकदा चढताना. दोन बेरजांत अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

प्रेशर गेजने मोजलेलं चालतं का?

चालतं, आणि झुडपांच्या उतारावर तेच सोयीचं पडतं. वरपासून खालपर्यंत पाण्याने भरलेली लांब नळी टाकायची, खालच्या तोंडाला गेज लावायचं आणि पाणी पूर्ण थांबलेलं असताना वाचायचं. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १० मीटर, एक बार म्हणजे १०.२ मीटर. ४.२ किलो आले तर ४२ मीटर. नळी तेवढी लांब नसेल तर तुकड्या-तुकड्याने मोजून बेरीज करता येते. पाणी वाहत असताना वाचलेला आकडा हेडपेक्षा कमी येतो. आणि बाजारातून आणलेलं नवं गेज बरोबर असतंच असं नाही: आधी ते एखाद्या उंच टाकीच्या, टेपने मोजता येणाऱ्या उंचीवर तपासून घ्या.

प्रवाह मोजायला बादली पुरते का?

झरा लहान असेल तर बादलीपेक्षा चांगली पद्धत नाही. सगळं पाणी एका पन्हाळीतून भांड्यात सोडा, भरायला किती सेकंद लागले ते पाहा. पण भांडं निदान पाच-सहा सेकंद तरी भरत राहिलं पाहिजे, नाहीतर घड्याळ दाबण्यातली चूकच मोठी होते. म्हणजे दोनशे लिटरचा पिंप घेतला तरी ही पद्धत तीस-पस्तीस लिटर प्रति सेकंदाच्या पुढे जात नाही, आणि तेवढं पाणी पिंपात वळवणं हीच एक कसरत असते. गावापुरत्या केंद्राला लागणारा ओढा बहुतेक वेळा याच्या पलीकडचा असतो.

लाकडाचा तुकडा सोडून वेग मोजला तर?

पहिल्या अंदाजाला ठीक. दहा मीटरचा सरळ, बऱ्यापैकी सारख्या रुंदीचा टप्पा निवडा, तुकडा सोडा, वेळ घ्या, निदान आठ-दहा वेळा. पण पृष्ठभागावरचं पाणी सगळ्यात वेगाने पळतं, तळाचं आणि काठाचं रेंगाळतं. म्हणून मिळालेल्या वेगाला एका गुणकाने गुणावं लागतं: गुळगुळीत सिमेंटच्या पाटात ०.८५, दगडगोट्यांच्या उथळ ओढ्यात ०.६५ किंवा त्याहूनही कमी.

आपल्या ओढ्यात रुंदी १.१ मीटर, सरासरी खोली १६ सेंटिमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ०.१७६ चौरस मीटर. तुकड्याला दहा मीटर जायला १९ सेकंद लागले, वेग ०.५३ मीटर प्रति सेकंद. नुसता गुणाकार केला तर ९३ लिटर प्रति सेकंद. ०.६५ लावलं तर ६०. फरक एका विसरलेल्या गुणकाचा आहे, पण त्याच्या जोरावर एखादी समिती दीडपट मोठी मशिनरी मागवून बसते.

मग भरवशाची पद्धत कोणती?

नॉचचा बंधारा. फळ्यांचा एक आडवा तात्पुरता बांध, त्यात आयताकृती खाच, आणि सगळं पाणी त्या खाचेतूनच पडलं पाहिजे. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह सूत्राने निघतो:

```
Q = 1.84 × (L − 0.2h) × h^1.5
```

L ही खाचेची रुंदी, h ही खाचेच्या कडेच्या वरची पाण्याची उंची, दोन्ही मीटरमध्ये. Q घनमीटर प्रति सेकंदात येतो. रुंदी निदान पाण्याच्या उंचीच्या तिप्पट ठेवा.

आपल्या ओढ्यावर ६० सेंटिमीटर रुंद खाच केली. पाणी १५ सेंटिमीटर चढलं. १.८४ गुणिले ०.५७ गुणिले ०.०५८ म्हणजे ०.०६१ घनमीटर, ६१ लिटर प्रति सेकंद. तुकड्याच्या पद्धतीने आलेल्या ६० शी जुळलं, पण अशी जुळणी नशिबाची असते. आपण बंधाऱ्याचा आकडा धरायचा.

हा बंधारा बांधताना काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात. खाचेची कड धारदार हवी, म्हणजे फळीला खालच्या बाजूने तिरका उतार काढायचा किंवा पत्र्याची पट्टी मारायची. जाड कडेवरून पाणी चिकटून घसरतं आणि सूत्र लागू पडत नाही. खाच स्पिरिट लेव्हलने आडवी आहे ना ते पाहा. पडणाऱ्या पाण्याच्या पडद्यामागे हवा राहिली पाहिजे, म्हणजे खालचं पाणी खाचेपेक्षा बरंच खाली हवं. फळ्यांच्या खालून आणि बाजूंनी पाणी झिरपू नये म्हणून मागच्या बाजूला प्लास्टिकची ताडपत्री अंथरून चिकणमाती दाबा. पाणी तुंबून पातळी स्थिर व्हायला वेळ लागतो: अर्धा तास थांबा, पाच मिनिटांच्या अंतराने तीन वाचनं सारखी आली की मगच लिहा.

उंची कुठे मोजायची हे सगळ्यात महत्त्वाचं. खाचेवर नाही! खाचेजवळ पाणी उडी घेण्याआधीच खाली वाकतं. पाण्याच्या उंचीच्या चौपट मागे, इथे साठ सेंटिमीटरच्या पलीकडे, एक खुंटी ठोका. तिचं डोकं खाचेच्या कडेच्या पातळीत आणा आणि त्याच्या वर पाणी किती आहे ते पट्टीने पाहा. आमच्या ओढ्यावर एका पोराने कडेवरच पट्टी टेकवली आणि साडेबारा सेंटिमीटर वाचले. सूत्रात टाकलं तर ४७ लिटर येतात. अडीच सेंटिमीटरने १४ लिटर पळवले.

खाचेत एक सेंटिमीटर चुकलं तर एवढं बिघडतं?

बिघडतं. १५ ऐवजी १४ वाचले तर ६१ चे ५५ होतात, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास फरक. ४२ मीटर हेडमध्ये एक सेंटिमीटर कुणी विचारतही नाही. म्हणूनच मी प्रवाहाबद्दल इतका हट्टी आहे. हेड एका दुपारी, एक-दोन टक्क्यांच्या आत मोजून होतं आणि ते पुढच्या वर्षीही तेवढंच राहतं. प्रवाह मोजायला कठीण, आणि मोजून घरी येईपर्यंत बदललेला असतो.

ओढा इतका खडकाळ आहे की बंधारा घालायला जागाच नाही. काय करावं?

मिठाची पद्धत. मोजून घेतलेलं मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून एकदम ओढ्यात ओततात आणि पुरेसं खाली, मीठ नीट मिसळल्यावर, वाहकता मोजणाऱ्या मीटरने दर पाच सेकंदांनी नोंद घेतात. खारट लाट येऊन जाते. ती जितकी फिकी आणि आखूड, तितकं पाणी जास्त. खळखळत्या ओढ्यात ही पद्धत छान बसते, संथ डोहांच्या ओढ्यात नाही, कारण डोहात मीठ अडकून राहतं आणि लाटेची शेपटी संपतच नाही. मीटर त्याच ओढ्याच्या पाण्यात, ठाऊक असलेलं मीठ टाकून आधी जुळवून घ्यावा लागतो. हे काम एकदा करून दाखवणाऱ्या माणसाबरोबर शिकावं.

मोजायचं कधी?

वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात, पुढचा पाऊस सुरू होण्याच्या अगदी आधी. पावसाळ्यात ओढ्याला प्रत्येकजण उदार असतो. केंद्र बारा महिने चालवायचं असेल तर हिशोब त्या दिवसाचा करायचा ज्या दिवशी बायका पाण्याला वाटी लावून बसतात.

पण एकच मोजणी एका वर्षाची असते, आणि ते वर्ष चांगलं होतं की वाईट हे ओढ्याला विचारून कळत नाही. शक्य असेल तर ओढ्यात पक्क्या खडकावर एक रंगवलेली पट्टी लावा, वर्षभर रोज सकाळी कुणीतरी पातळी लिहा, आणि महिन्यातून एकदा खाच लावून ती पातळी प्रत्यक्ष लिटरांशी जुळवून घ्या. वर्षाअखेरीस दिसतं की कोणता प्रवाह किती दिवस मिळाला. पट्टीच्या जवळचा गाळ-दगड पुराने हलला तर जुळणी बदलते, म्हणून पूर येऊन गेल्यावर एकदा खाच पुन्हा लावायची.

त्याच्या जोडीला गावातल्या जाणत्यांना विचारा, पण "पाणी किती असतं?" असं नको. त्याला उत्तर "भरपूर" असंच येतं. "सगळ्यात वाईट वर्षी या खडकाच्या कुठपर्यंत पाणी होतं?" असं विचारा आणि बोटाने दाखवायला सांगा. तीन माणसांनी वेगवेगळ्या वेळी एकाच भेगेवर बोट ठेवलं तर ती माहिती वहीत घ्यायच्या लायकीची.

अजून एक बारीक गोष्ट: झाडीतल्या ओढ्याचं पाणी कोरड्या दिवसांत दुपारनंतर उतरतं, कारण काठची झाडं दिवसभर पाणी ओढतात. बर्फाच्या डोंगरावरून येणाऱ्या ओढ्यात उलट, ऊन चढल्यावर काही तासांनी पाणी वाढतं. म्हणून एकाच दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन वाचनं घ्या.

मोजलेलं सगळं पाणी टर्बाइनला घेता येतं का?

नाही. बंधारा ते पॉवरहाऊस या पट्ट्यात ओढा कोरडा पाडता येत नाही. तिथे मासे असतात, गुरं पाणी पितात, कुणाच्या शेताला पाट जातो. किती सोडायचं याचे नियम जागेनुसार बदलतात, पण नियम नसला तरी भांडण असतंच. आपल्या ओढ्यात ६१ पैकी १४ लिटर पात्रात सोडायचे ठरले, ४७ पाटात घेतले, पाटात झिरपून दोन गेले आणि फोरबेला ४५ आले. हिशोब या ४५ चा. पाट मातीचा आणि लांब असेल तर दोन लिटरने भागत नाही. पाटाच्या दोन्ही टोकांना खाच लावून झिरपा मोजता येतो.

पाइप कोणत्या मापाचा घ्यावा? त्याने वीज बदलते का?

खूप. पाइपातून पळणारं पाणी भिंतींना घासतं आणि हेड खातं. पाइप जरा बारीक केला की हे घर्षण झपाट्याने वाढतं: व्यास निम्मा केला तर तेवढ्याच पाण्याला जवळपास तीसपट.

आपला पेनस्टॉक १६० मीटर लांब आहे, पाणी ४५ लिटर. आतला व्यास २०० मिलिमीटर असेल तर घर्षणात दीड मीटर जातो, जाळी, वाकणं आणि झडप मिळून आणखी पाव मीटर. निव्वळ हेड ४०.३. आतला व्यास १५० घेतला तर घर्षणाचे जवळपास सहा आणि बाकीचं पाऊण-एक, म्हणजे ६.८ मीटर गेले, उरले ३५.२. एवढ्या चढावरून उतरलेल्या पाण्याचा सहावा हिस्सा पाइपच गरम करण्यात गेला म्हणायचा.

इथे एक फसगत हमखास होते. प्लास्टिकचे काळे पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात. "१६० चा" म्हणून आणलेला, दहा किलो दाबाचा पाइप आतून १४१ मिलिमीटरच असू शकतो. त्यात हेच पाणी आठ मीटर हेड नुसत्या घर्षणात घालवेल. दुकानात टेप न्या आणि आतून मोजा.

साधा दंडक असा की पूर्ण प्रवाहाला पाइपातला तोटा ढोबळ हेडच्या दहा टक्क्यांच्या आत राहावा. त्याहून जाड पाइपाला पैसा जास्त पडतो आणि मिळकत थोडी.

शेवटी घरापर्यंत किती पोचते? पूर्ण हिशोब दाखवा.

४५ लिटर आणि निव्वळ ४०.३ मीटर. ९.८१ × ०.०४५ × ४०.३ म्हणजे १७.८ किलोवॅट. ही पाण्याची ताकद, अजून वीज नाही.

स्थानिक वर्कशॉपमध्ये बनलेल्या क्रॉसफ्लो टर्बाइनची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर शाफ्टवर ११.६ मिळतात. टर्बाइनचा वेग जनरेटरला जुळवायला मध्ये पट्टा आहे, त्याचे चार टक्के गेले: ११.१. या मापाचा जनरेटर ८५ टक्के धरू: ९.४. गावापर्यंतच्या तारेत सहा टक्के: ८.९ किलोवॅट.

म्हणजे पाण्यातल्या ताकदीची बरोबर निम्मी. १५० मिलिमीटरचा पाइप घातला असता तर हाच हिशोब ७.७ वर थांबला असता. एक किलोवॅटहून जास्त वीज, कायमची, पाइपाच्या मापात.

विक्रेत्याच्या कागदावर टर्बाइन ८० टक्के, जनरेटर ९२ टक्के असे आकडे दिसले तर ते कोणत्या प्रवाहाला आणि कोणत्या भाराला मोजले ते विचारा. उत्तर येत नसेल तर माझे आकडे वापरा.

या ८.९ वर किती विश्वास ठेवायचा?

हेडमध्ये दोन टक्के, प्रवाहात दहा, कार्यक्षमतेच्या अंदाजात दहा इतकी चूक शक्य धरली तर उत्तर साडेसात ते दहा किलोवॅटच्या मध्ये कुठेतरी असतं. गावसभेत मी "साडेसात तर नक्की" असं सांगतो. दशांश चिन्हानंतरचा आकडा सभेत काढला की तो भिंतीवर रंगवला जातो.

पाणी याहूनही कमी झालं तर केंद्र बंद पडतं का?

टर्बाइनवर अवलंबून. समजा एखाद्या वाईट वर्षी फोरबेला फक्त २५ लिटर आले. पाणी कमी म्हणून पाइपातला तोटाही घटतो, निव्वळ हेड ४१.४ पर्यंत वाढतं. क्रॉसफ्लोमध्ये पाणी नियंत्रित करणारी पाती असतील तर कार्यक्षमता थोडीच उतरते आणि साडेचार-पावणेपाच किलोवॅट मिळत राहतात. अनेक नोझलच्या पेल्टनमध्ये एक-दोन नोझल बंद करायचे, काम चालू. उलटा फिरवलेला पंप टर्बाइन म्हणून वापरला असेल तर मात्र तो ठरलेल्या प्रवाहाखाली झपाट्याने निकामी होतो. स्वस्त म्हणून तो घेताना हे आधी ठरवा की सगळ्यात कोरड्या महिन्याचं पाणी त्याला पुरतं की नाही.

८.९ किलोवॅटमध्ये साठ घरं भागतील का?

सगळी घरं एकाच वेळी भार लावतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे वॅटच्या आत येतात. दिवे, फोन, पंखा, टीव्ही यांना पुरतं. पाणी तापवायची एक कॉइल दोन हजार वॅट घेते, चार घरांनी एकदम लावली की बाकीच्यांचे दिवे मंदावतात. दिवसभरात मात्र हेच केंद्र २१३ युनिट काढू शकतं, आणि रात्री बारा ते पहाटे चार या वेळात निघालेली बहुतेक वीज कंट्रोलर एका हीटरमध्ये जाळतो, कारण पाणी थांबत नाही. गिरणीसारखा भार दिवसा लावायचं ठरवलं तर तेच केंद्र जास्त उपयोगी पडतं. मोटर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट मागते, एवढं ध्यानात ठेवून तिचं माप ठरवा.

केंद्र चालू झालं, पण वीज अंदाजापेक्षा कमी आहे. चूक कुठली हे कसं ओळखायचं?

पेनस्टॉकच्या खालच्या टोकाला, टर्बाइनच्या झडपेआधी, गेज कायमचं बसवा. आणि आधी झडप बंद ठेवून वाचा. आपल्या ओढ्यावर ४.२ किलो आले पाहिजेत. त्याहून कमी असेल तर हेडच चुकीचं मोजलं होतं, किंवा फोरबे भरलेली नाही.

मग झडप पूर्ण उघडून वाचा. २०० मिलिमीटरच्या पाइपात ४ च्या आसपास यायला हवं. ते साडेतीनवर उतरलं तर पाइप तोटा खातोय: फोरबेच्या जाळीवर पाला साचला असेल, एखाद्या उंचवट्याला हवा अडकली असेल, किंवा ठरवल्यापेक्षा बारीक पाइप टाकला असेल. जाळी साफ केली की लगेच दाब चढला, तर उत्तर मिळालं.

दाब बरोबर आहे पण वीज कमी, तर पाहायचं टर्बाइन, पट्टा, जनरेटर यांच्याकडे. पट्टा हाताला गरम लागतोय का ते पाहा, पण मशीन थांबवल्यावर.

आणि तिसरी शक्यता: सुरुवातीला दाब नीट असतो, मग दहा मिनिटांत घसरत जातो आणि फोरबेत गुळगुळ आवाज येऊ लागतो. टर्बाइन ओढ्यापेक्षा जास्त पाणी मागतंय, टाकी रिकामी होऊन पाइप हवा ओढतोय. अशा वेळी ताबडतोब पाती किंवा नोझल आवळा, टाकीच्या सांडव्यावरून पाण्याची बारीक धार पडत राहील इतकी. मग खाच घेऊन पुन्हा ओढ्यावर जा आणि त्या दिवशीचा प्रवाह मोजा.